आरशातला आणि काचेतला कपडा बदलताना रिफ्लेक्शन खोटं का दिसतं

प्रश्न: "आरशासमोर काढलेल्या सेल्फीत पांढऱ्या टी-शर्टच्या जागी चेक्सचं जॅकेट घातलं. फोटोच्या कडेला माझा खरा खांदा पण येतो, तिथे आरशातलंच जॅकेट कॉपी करून फ्लिप करून लावलं. सगळे बघताक्षणी म्हणतात एडिट केलंय. दुसऱ्या फोटोत दुकानाच्या काचेसमोर उभ्या मैत्रिणीच्या काळ्या कोटाच्या जागी लाल ड्रेस केला, काचेतला ड्रेस तर भुतासारखा दिसतो. ओपॅसिटी कमी-जास्त करून झाली. काय चुकतंय?"

दोन्ही फोटो झूम करून बघितले. मास्किंग चांगलं केलंय, कडा स्वच्छ आहेत, त्यामुळे ब्रश-फेदर वगैरेच्या मागे लागू नका, चूक तिथे नाहीये. तुम्ही रिफ्लेक्शनला खऱ्या कपड्याची उलटी कॉपी समजून काम केलंय आणि दोन्ही फोटो तिथेच फसलेत. आरशात जे दिसतं तो त्याच माणसाचा वेगळ्या जागेवरून काढलेला वेगळा फोटो असतो. आणि दुकानाच्या काचेत जे दिसतं ते तर चित्रसुद्धा नाही, आतल्या देखाव्यावर वरून पडलेला जास्तीचा प्रकाश आहे. मी कॅटलॉगचं रिटचिंग करतो, तिथे कपड्याचा रंग किंवा अख्खा कपडाच बदलून द्यायचं काम सतत येतं, आणि फ्रेममध्ये आरसा असला की कपड्यापेक्षा जास्त वेळ आरसाच खातो. तेव्हा आधी आरशाचं बोलू.

तुमच्या सेल्फीत तुम्ही आरशाकडे कडेने उभे आहात, फोन मागच्या हातात लांब धरलाय, त्यामुळे पुढचा खांदा आणि बाही फ्रेमच्या उजव्या कडेला खरी दिसते आणि आरशात तुम्ही पूर्ण दिसता. समजा फोन आरशापासून 100 सेंमीवर आहे आणि खांदा 60 सेंमीवर. मग फोनपासून खरा खांदा 40 सेंमीवर झाला. आरशातला खांदा मात्र आरशाच्या मागे 60 सेंमीवर असल्यासारखा दिसतो, म्हणजे फोनपासून 100 अधिक 60, एकूण 160 सेंमी. 40 आणि 160, चौपट फरक. म्हणजे खऱ्या बाहीवर चेक्सची एक चौकट 200 पिक्सेल रुंद दिसत असेल तर आरशातल्या बाहीवर तीच चौकट 50 पिक्सेलच्या आसपास पाहिजे. तुमच्या फोटोत दोन्हीकडच्या चौकटी जवळजवळ सारख्याच आहेत. बघणाऱ्याला हे गणित माहीत नसतं पण डोळ्याला खटकतं, आणि तो "एडिट वाटतंय" म्हणून मोकळा होतो.

अंतरं आठवत नसतील तरी अडत नाही. मूळ फोटो उघडा, त्यात टी-शर्टच्या बाहीची कड दोन्हीकडे दिसते, खरीची रुंदी मोजा, आरशातलीची मोजा, भागाकार करा, हेच तुमचं प्रमाण. फक्त एक लक्षात ठेवा की हे प्रमाण अख्ख्या शरीराला एकच नसतं. जो भाग आरशाच्या जवळ तिथे खऱ्याचा आणि प्रतिबिंबाचा आकार जवळजवळ सारखा होत जातो, कोपर आरशाला टेकलं असेल तर दोन्ही कोपरं सारखीच दिसतील, आणि मधे एक बारीक फट दिसेल कारण आरशाचा चकचकीत मुलामा काचेच्या मागच्या बाजूला असतो, काच जितकी जाड तितकी फट मोठी. जॅकेटची बाही आरशाला टेकलेली दाखवायची असेल तर ती फट ठेवा, कापडाला कापड चिकटवू नका.

आता आकार जमला तरी जागा जमली पाहिजे, म्हणजे खऱ्या बाहीवरचं बटण इथे असेल तर आरशातलं नेमकं कुठे यायचं. याला एक फार सोपी युक्ती आहे आणि आरशातल्या सेल्फीत ती फुकटात मिळते. कुठलाही खरा बिंदू आणि त्याचं प्रतिबिंब यांना जोडणारी रेघ आरशाला काटकोनात असते. अशा सगळ्या रेघा एकमेकींना समांतर, आणि समांतर रेघा फोटोत लांब जाता जाता एकाच बिंदूत मिळतात, रुळांसारख्या. तो बिंदू कुठला, तर आरशात जिथे तुमच्या फोनची लेन्स दिसते तो. कारण लेन्सपासून तिच्या स्वतःच्या प्रतिबिंबाकडे जाणारी रेघही आरशाला काटकोनातच असते. आरसा तिरका टेकवलेला असो, फोन वाकडा धरलेला असो, आरसा सपाट आहे तोवर हे लागू पडतं.

म्हणून एक वेगळा लेअर घ्या, आरशातल्या फोनच्या लेन्सवर ठिपका ठेवा, जो कॅमेरा वापरला तीच लेन्स धरा, आणि तिथून खऱ्या बाहीच्या कफच्या बटणापर्यंत सरळ रेघ ओढा. आरशातलं तेच बटण त्या रेघेवरच आलं पाहिजे, खऱ्या बटणाच्या आणि लेन्सच्या मधे कुठेतरी. मग खांद्याची शिवण जिथे कॉलरला मिळते तिथून दुसरी रेघ आणि कोपराच्या टोकापासून तिसरी. तीन रेघा पुरतात. तुमच्या फोटोत मी हे करून पाहिलं तर कोपराची रेघ बरोबर बसते, कारण हात मूळचाच आहे, पण खांद्याच्या शिवणीची रेघ लेन्सच्या बऱ्याच खालून जाते, म्हणजे आरशातलं जॅकेट खांद्यावरून खाली ओघळल्यासारखं बसलंय. ते वर घ्यायचंय. फोटो क्रॉप केल्यामुळे लेन्स फ्रेमच्या बाहेर गेली असेल तर न बदललेल्या दोन जोड्या शोधा, अंगठी आणि तिचं प्रतिबिंब, कोपर आणि त्याचं प्रतिबिंब, दोन रेघा ओढा आणि त्या जिथे छेदतात तो बिंदू घ्या. दोन दारांच्या कपाटाचा आरसा असेल तर मात्र सावध, दोन्ही दारं किंचित वेगळ्या कोनात असतात, प्रत्येक दाराचा बिंदू वेगळा आणि जोडावर चेक्सची रेघ थोडी तुटलेलीच दिसली पाहिजे. ती सरळ जोडून टाकली की लगेच पकडलं जातं.

पुढचा मुद्दा असा की फ्लिप केलेली कॉपी आकाराने आणि जागेने अगदी बरोबर बसवली तरी खोटीच राहते, कारण कपड्याची बाजूच चुकीची आहे. फोनला खऱ्या बाहीची मागची-बाहेरची बाजू दिसते आणि आरशाला पुढची. आरशातल्या जॅकेटवर बटणपट्टी, खिसा, कॉलरची टोकं आहेत, खऱ्या खांद्यावर यातलं काहीच नको, तिथे मागची आडवी शिवण आणि बाहीची मागची घडी पाहिजे. तुमच्या खऱ्या खांद्यावर खिशाचा कोपरा आलाय बघा, तो फ्लिपमधून आलाय.

त्यामुळे नव्या कपड्याचे दोन फोटो लागतात. कपडा हातात असेल तर असं करा. कुणाला तरी ते जॅकेट घालून त्याच पोझमध्ये उभं करा. पहिला फोटो मूळ सेल्फीत फोन जिथे होता तिथून, 40 सेंमीवरून. दुसरा समोरून, आरशाच्या बाजूने, 160 सेंमीवरून आणि फोनच्या त्याच उंचीवरून, कारण आरशातलं दृश्य म्हणजे आरशापलीकडे तितक्याच अंतरावर ठेवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेलं दृश्य. हा दुसरा फोटो Edit > Transform > Flip Horizontal करून आरशात बसवा. अंतर खरंच पाळा, झूम करून आकार मिळवू नका. जवळून काढलेल्या फोटोत पुढची बाजू फुगते आणि कडा पटकन मागे वळतात, लांबून काढलेल्यात सगळं सपाट होतं, तो फरक नंतर ताणून-दाबून घालवता येत नाही.

कपडा हातात नसेल आणि फक्त वेबसाइटवरचा समोरून काढलेला फोटो असेल तर ते परिस्थितीवर आहे. साधा एकरंगी कपडा असेल तर मूळ टी-शर्टच्या मागच्या घड्या ठेवून त्यावर रंग चढवून निभावतं. चेक्स, पट्टे किंवा प्रिंट असेल तर मी सरळ सांगतो की खरा खांदा क्रॉप करा, आरशातलंच ठेवा. एका बाजूच्या फोटोवरून दुसरी बाजू बनवण्यात जो वेळ जातो त्याच्या बदल्यात हाती फार काही लागत नाही.

फ्लिपवरून आठवलं, आरशातलं जॅकेट उलटं आहे की सुलटं हे पण तपासा. वेबसाइटवरच्या समोरून काढलेल्या फोटोत डाव्या छातीवरचा खिसा आपल्याला उजवीकडे दिसतो. आरशातल्या सेल्फीत तो डावीकडे दिसायला पाहिजे, आणि त्यावर अक्षरं असतील तर ती उलटी. पण मूळ फोटो आधीच कुणी फ्लिप केला असेल तर सगळंच उलट होतं, बरेच लोक अक्षरं वाचता यावीत म्हणून तसं करतात. ओळखायला फोनकडेच बघा. आयफोनच्या मागच्या सफरचंदाचा चावा खरा उजवीकडे असतो, आरशात डावीकडे दिसतो. फोटोत चावा उजवीकडे असेल तर फोटो फ्लिप झालेला आहे आणि मग तुमचं जॅकेटही सुलटंच घालायचं. तुमच्या फोटोत चावा डावीकडे आहे, म्हणजे फ्लिप नाही, आणि तरी जॅकेटच्या खिशावरची अक्षरं सरळ वाचता येतात. हे एकटंसुद्धा पुरेसं होतं पकडले जायला.

प्रकाशाचं थोडक्यात. साधा आरसा पूर्ण प्रकाश परत देत नाही आणि काचेतल्या लोहामुळे किंचित हिरवट झाक आणतो. किती, हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. खोलीत एखादी पांढरी वस्तू थेट आणि आरशात दोन्हीकडे दिसत असेल आणि तिच्यावर सारखाच उजेड असेल, दाराची चौकट म्हणा, तर आयड्रॉपरने दोन्हीकडचे आकडे घ्या. समजा थेट 220, 218, 214 आले आणि आरशात 196, 200, 192, तर लाल सगळ्यात जास्त उतरलाय आणि हिरवा सगळ्यात कमी. तेवढाच Curves आरशातल्या जॅकेटला लावा, खऱ्या बाहीला नाही. फोकसचंही तसंच, फोनने आरशातल्या तुमच्यावर फोकस केलाय, 160 सेंमीवर, 40 सेंमीवरची खरी बाही किंचित मऊ पाहिजे. मूळ टी-शर्टच्या बाहीचा धुरकटपणा बघा आणि तितकाच ब्लर द्या.

आणि एक गोष्ट जी जवळजवळ कुणीच करत नाही. आरशावर डाग असतात, बोटांचे ठसे, पुसल्याचे फराटे, पाण्याचे वाळलेले थेंब. ते काचेवर आहेत, म्हणजे कपड्याच्या पुढे आहेत. तुमच्या आरशावर उजवीकडे वरून खाली एक फराटा येतो, केसांवर दिसतो, मग जॅकेट सुरू होतं तिथे गायब होतो आणि जॅकेट संपल्यावर गडद जीन्सवर परत उगवतो! आता यातली गंमत अशी की तो फराटा मूळ पांढऱ्या टी-शर्टवरही नीट दिसत नव्हता, कारण डाग प्रकाश विखुरतो आणि तो विखुरलेला उजेड पांढऱ्यावर उठून दिसत नाही, गडदवर दिसतो. म्हणजे पांढऱ्याच्या जागी गडद कपडा घातला की आधी न दिसणारे डाग दिसायला लागले पाहिजेत. नुसता मूळ फोटोतला डाग परत आणून चालत नाही, तिथे तो नाहीच. केसांवरचा किंवा जीन्सवरचा फराटा उचला, वेगळ्या लेअरवर Screen मोडमध्ये ठेवा आणि जॅकेटवरून तो पुढे ओढा, ओपॅसिटी जीन्सवरच्याशी मिळेपर्यंत. हा लेअर सगळ्यात वर राहील, फक्त खऱ्या बाहीवर तो येऊ देऊ नका, ती आरशाच्या अलीकडे आहे.

हनुवटीखालचाही रंग बघून घ्या. पांढरा टी-शर्ट खालून गळ्यावर उजेड टाकत होता, गडद जॅकेट टाकणार नाही. आरशातल्या गळ्याचा खालचा भाग थोडा उतरवा, जास्त नको.

आता काच. इथे गोष्ट वेगळी आहे आणि मला विचाराल तर आरशापेक्षा जास्त मजेची.

आरसा आतलं काही दाखवत नाही. दुकानाची काच आतला प्रकाश बाहेर सोडते आणि वर बाहेरच्या प्रकाशाचा थोडा हिस्सा परत फेकते, आणि कॅमेऱ्यात दोन्हींची बेरीज जाते. समोरून बघितलं तर साध्या एकेरी काचेचे दोन्ही पृष्ठभाग मिळून साधारण 8 टक्के प्रकाश परत येतो. तिरकं बघत गेलं की हे वाढतं, काटकोनापासून 60 अंश कललं की 15 टक्क्यांच्या आसपास. म्हणून लांबलचक शोविंडोच्या पलीकडच्या टोकाला रिफ्लेक्शन जास्त ठसठशीत दिसतं.

बेरीज हा शब्द धरून ठेवा. तुम्ही ड्रेस नॉर्मल मोडमध्ये ठेवून ओपॅसिटी 40 केली. त्याने काय होतं, तर आतल्या देखाव्याचा 60 टक्के आणि ड्रेसचा 40 टक्के अशी सरमिसळ होते. आतला दिवा असेल तर तोही 60 टक्क्यांवर येतो आणि ड्रेसच्या आत विझल्यासारखा दिसतो. खऱ्या काचेत असं होऊच शकत नाही, बाहेर कुणी लाल ड्रेस घालून उभं राहिलं म्हणून आतल्या दिव्याचा उजेड कमी कसा होईल? भुतासारखं जे वाटतंय ते हेच, मग ओपॅसिटी 20 करा नाहीतर 70.

काळ्या कोटाचं उदाहरण आकड्यांत बघू. हे पिक्सेलचे आकडे नाहीत, प्रकाशाचं प्रमाण समजा. काळा कोट 50 एकक प्रकाश परत देतो, काचेतून त्याचे 4 येतात. आत पुतळ्याच्या अंगावरचा फिका कपडा काचेतून 54 देतो आणि मागचं अंधारं शेल्फ 9. कोटाच्या आकारात पुतळा झाला 58 आणि शेल्फ 13. चारपटीहून जास्त फरक, म्हणून कोटाच्या आत दुकान लख्ख दिसतं. काळ्या कोटाचं रिफ्लेक्शन जवळजवळ नसतंच, तिथे बाहेरचा उजेड अडतो म्हणून आतलं दिसतं, इतकंच. कोटाच्या जागी पांढरा शर्ट असता, 800 एकक परत देणारा, तर काचेतून 64 आले असते, पुतळा 118, शेल्फ 73, फरक दीडपटीच्या थोडा वर. दुकान धुऊन निघालं असतं.

तुमचा ड्रेस लाल आहे, म्हणून हे फक्त लाल चॅनलमध्ये होतं. समजा लालचे 600 परत येतात आणि हिरव्या-निळ्याचे 40. काचेतून लाल 48, बाकी प्रत्येकी 3. आता अंधारं शेल्फ होतं 57, 12, 12, म्हणजे गडद लाल. आतला पांढरा दिवा 450 असेल तर तो 498, 453, 453, म्हणजे पांढराच राहिला. शेल्फवरचा तो हिरवा डबा 9, 45, 9 होता तो 57, 48, 12 होतो, पिवळट-तांबूस. खऱ्या काचेतला लाल ड्रेस असा असतो, अंधाऱ्या जागी भरून लाल, उजळ वस्तूंवर जवळजवळ गायब आणि मधल्या रंगांना ओढून नेणारा. तुमच्या फोटोत दिवा गुलाबी झालाय, डबा मळका तपकिरी झालाय आणि शेल्फ आणि पुतळा यांच्यावर लाल रंग सारखाच बसलाय. हे बघून सांगता येतं की नॉर्मल मोड आहे.

तेव्हा ड्रेसचा लेअर Screen वर टाका. Screen ही अगदी काटेकोर बेरीज नाही पण कामापुरती जवळ आहे आणि उजळ भागात फाटत नाही. पण ओपॅसिटी 100 ठेवून ड्रेसच Curves ने गडद करा, उजेड काचेइतका उतरवा. किती उतरवायचा याला मोजपट्टी तुमच्याच फोटोत आहे. मैत्रिणीचे पांढरे बूट थेटही दिसतात आणि काचेतही, आणि काचेतल्या बुटांच्या मागे दुकानाचा तळ काळोखा आहे. म्हणजे तिथला पिक्सेल जवळजवळ निव्वळ रिफ्लेक्शन आहे. थेट दिसणाऱ्या बुटाचा पांढरा ज्या आकड्यावर आहे तो काचेत ज्या आकड्यावर उतरलाय, तेवढाच उतार ड्रेसला द्या. दोन्ही बाजूंना सारखं ऊन आहे ना हे बघा, काचेत बुटाची काचेकडची बाजू दिसते आणि ती सावलीत असेल तर हिशोब थोडा बदलेल.

यातही आरशासारखंच, काचेत ड्रेसची पुढची बाजू दिसते आणि कॅमेऱ्याला मागची. ते परत सांगत नाही, रेघांची युक्ती इथेही चालते, फक्त फोटो मैत्रिणीचा तुम्ही काढलाय, त्यामुळे बिंदू म्हणजे काचेत दिसणारे तुम्ही, तुमच्या हातातला कॅमेरा. तो फ्रेममध्ये अंधुक दिसतो, डावीकडे, पडद्याच्या घडीजवळ.

सगळ्यात मोठी खूण मात्र अजून बाकीच आहे. ड्रेस आणि कोट यांचा आकार एक नाही. कोट सरळ खाली येत होता, ड्रेस गुडघ्यापाशी पसरतो. कोटाने बाहेरच्या रस्त्याचा उजेड जिथे अडवला होता तिथेच आतलं दुकान स्पष्ट आहे, कोटाच्या आकारात. तुम्ही त्यावर ड्रेस ठेवलात, पण ड्रेसच्या घेराचे दोन्ही पंख कोटाच्या बाहेर पडतात आणि तिथे अजून मागच्या पांढऱ्या इमारतीचं रिफ्लेक्शन तसंच आहे. म्हणून काचेत ड्रेसच्या आत कोटाच्या आकाराची एक गडद पट्टी दिसते. बदललेला कपडा आणि त्याच्या पोटात जुन्या कपड्याची आकृती.

हे काढायचं तर ड्रेस घालण्याआधी एक पायरी वाढवावी लागेल. घेराचे जे भाग कोटाबाहेर पडतात त्यांचा मास्क करा आणि तिथून इमारतीचं रिफ्लेक्शन वजा करा. इमारतीची भिंत एकरंगी आहे, म्हणजे तिथे सगळीकडे जवळजवळ सारखाच उजेड वाढलाय. त्यामुळे Curves मध्ये खालचं डावं टोक उजवीकडे सरकवा, तीन्ही चॅनल वेगवेगळे, मास्कमधलं शेल्फ शेजारच्या कोटातल्या शेल्फशी मिळेपर्यंत. शेल्फ मिळाल्यावर पुतळ्याकडे बघा, तोही आपोआप जवळपास मिळाला असेल तर वजाबाकी बरोबर झाली. पुतळा जास्तच काळा पडला तर टोक थोडं मागे घ्या. असं ओढून काढलेल्या भागात दाणे वाढतात, ते शेजारच्याशी जुळवायला थोडं डीनॉइज लागतं. इमारतीच्या खिडक्यांच्या चौकटी आहेत त्यांच्यासाठी एक आकडा चालणार नाही, तिथे क्लोन करून आतलं शेल्फ पुढे वाढवा. रिफ्लेक्शन इतकं उजळ असतं की भाग पूर्ण पांढरा जळालाय, तर आतलं काहीच परत मिळत नाही, तुमच्या फोटोत सुदैवाने तसं नाही. हे झालं की मगच ड्रेस Screen वर, मग घेर आणि मधला भाग एकसारखा भरेल.

उलट प्रकार, म्हणजे नवा कपडा जुन्यापेक्षा अरुंद असेल, तर उघड्या पडलेल्या जागी रस्त्याचं रिफ्लेक्शन वाढवावं लागतं. ते सोपं आहे, शेजारची इमारत क्लोन करून Screen वर.

काच दुहेरी असेल तर रिफ्लेक्शनची कड दोनदा दिसते, थोडी सरकलेली. तुमच्या काचेत काळ्या कोटाची कड तशी दुहेरी आहे का हे ठरवता येत नव्हतं म्हणून बुटांकडे बघितलं, पांढऱ्या बुटाला खाली एक फिकी दुसरी कड आहे. तेव्हा ड्रेसच्या लेअरची एक कॉपी करा, बुटांमधे जेवढं सरकलंय तेवढे पिक्सेल त्याच दिशेला सरकवा आणि दोन्हीत उजेड वाटून द्या, दोन्हींची बेरीज आधी मोजलेल्या उताराएवढीच राहिली पाहिजे. काचेवर बाहेरून चिकटवलेली अक्षरं आणि स्टिकर असतील तर ती ड्रेसच्या वर ठेवा, आतून लावलेली असतील तर ड्रेसच्या खाली, कारण ती अपारदर्शक असली तरी त्यांच्या पुढच्या काचेवर ड्रेसचं फिकं रिफ्लेक्शन पडतंच. तुमच्या फोटोतली आतून लावलेली वाटतात, त्यामुळे त्यांच्यावरूनही लाल झाक जाऊ द्या, फक्त पांढऱ्या अक्षरांवर ती जेमतेम जाणवेल.

आधी काचेचा फोटो करा, त्यात सगळं मोजायला जागा आहे. आरशातल्यासाठी जॅकेट हातात आहे का ते सांगा, नसेल तर खांदा क्रॉप करून फक्त आरशातला भाग अक्षरं उलटी करून आणि फराटा जोडून परत टाका, मी बघतो.